सातारा-सांगलीत फाइव्ह-जी फोन घेताना: n78 आणि n28 नीट कसे तपासायचे

दुकानात फोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '5G' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'बारा बँड'. हे दोन्ही वाचून काहीच कळत नाही. बारा बँडचा फोन तुमच्या घरात फोर-जीवर बसू शकतो आणि सहा बँडचा फोन त्याच खोलीत फाइव्ह-जी धरू शकतो. बँड किती आहेत यापेक्षा कोणते आहेत आणि ते कोणत्या पद्धतीनं चालतात, यावर सगळं ठरतं. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दूरसंचारच्या 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये येतात (मुंबईचं सर्कल वेगळं), त्यामुळे दोन्हीकडे नियम सारखेच.

सुरू करण्याआधी हे हाताशी ठेवा

- फोनचा पूर्ण मॉडेल नंबर. नुसतं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे मॉडेल निघतात. नवा असेल तर खोक्यावर, वापरलेला असेल तर Settings मधल्या About phone मध्ये मिळेल.
- तुमचं सिम कुठल्या कंपनीचं आहे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलायचा विचार आहे का, याचा निकाल.
- फोन कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचं त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान. विक्रीच्या संकेतस्थळावरचा तक्ता धरू नका, तिथे दोन मॉडेलची माहिती एकमेकांत मिसळलेली असते.
- वापरलेला फोन असेल तर `*#06#` लावून मिळणारा आयएमईआय नंबर आणि पहिलं बिल.

१. आधी दोनच बँड समजून घ्या

ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या सरकारी स्पेक्ट्रम लिलावात फाइव्ह-जीसाठी प्रामुख्यानं दोन पट्टे महत्त्वाचे ठरले. एक ३३०० मेगाहर्ट्झचा, त्याला फोनच्या भाषेत n78 म्हणतात. दुसरा ७०० मेगाहर्ट्झचा, तो n28.

n78 म्हणजे रुंद रस्ता. जिओ आणि एअरटेल दोघांकडेही या पट्ट्यात किमान शंभर-शंभर मेगाहर्ट्झ आहेत. टॉवर जवळ असेल तर काही सेकंदांत सिनेमा उतरतो तो याच्यामुळे. पण ही लहर आखूड असते, साधारण साडेआठ सेंटिमीटर. भिंत, स्लॅब, पत्रा, डोंगराचा उतार, काहीही मध्ये आलं की ती लवकर मान टाकते. साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड, दोन्हीकडे दाराबाहेर फाइव्ह-जी आणि आत फोर-जी असा प्रकार होतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

n28 म्हणजे अरुंद, पण लांबवर जाणारी वाट. त्याची लहर अडतीस-चाळीस सेंटिमीटरची. मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर साध्या अँटेनाला n78 च्या साधारण वीसपट शक्ती n28 कडून मिळते. भिंतीतून जाताना हा फरक आणखी वाढतो. टॉवरवरच्या नव्या अँटेना n78 चा झोत तुमच्या दिशेनं वळवून खाली येणारा सिग्नल बराच सावरतात, हे खरं. पण तुमच्या फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल कोण सावरणार? फोन तर जेमतेम दोनशे मिलिवॅटवर ओरडतो. म्हणून n78 च्या टोकाला व्हिडिओ नीट उतरतो, पण व्हिडिओ कॉलवर तुमचाच चेहरा अडकतो.

आता यातली मेख: ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्या लिलावात फक्त जिओनं घेतला, दोन्ही दिशांना दहा-दहा मेगाहर्ट्झ आणि देशातल्या सगळ्या बावीस सर्कलमध्ये. (बीएसएनएललाही सरकारनं ७०० आणि ३३०० दोन्ही पट्ट्यांत जागा दिली आहे.) एअरटेलकडे n28 नाही. म्हणजे 'n28 हवाच का' याचं उत्तर तुमच्या सिमवर अवलंबून आहे.

२. तुमच्या सिमनुसार यादी ठरवा

*जिओ:* n78 आणि n28 दोन्ही सक्तीचे समजा. शिवाय जिओचं फाइव्ह-जी 'एसए' पद्धतीचं आहे, म्हणजे ते फोर-जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालतं. फोनमध्ये हे दोन बँड एसए रकान्यात असायला हवेत.

*एअरटेल:* n78 सक्तीचा. एअरटेलनं सुरुवात 'एनएसए' पद्धतीनं केली. यात फोन आधी फोर-जी धरतो आणि त्याच्या खांद्यावर बसून फाइव्ह-जी घेतो. म्हणून इथे फोनचे फोर-जी बँडही तितकेच महत्त्वाचे: B1, B3, B8 आणि B40. याशिवाय n1, n3, n8 आणि n40 फाइव्ह-जीच्या यादीत असतील तर घ्या. कंपनीनं २०२४ पासून मधले जुने पट्टे फाइव्ह-जीकडे वळवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे हे बँड पुढे उपयोगी पडतील.

*व्हीआय:* n78. या कंपनीनं ३३०० चा पट्टा देशभर न घेता सतरा सर्कलमध्ये घेतला. महाराष्ट्र त्यात आहे. सेवा मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरू झाली. परराज्यात जास्त राहणाऱ्यांनी मात्र त्या सर्कलची चौकशी करूनच ठरवावं.

*बीएसएनएल:* फाइव्ह-जीपेक्षा आधी फोर-जी बघा. त्यांचं नवं फोर-जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणून फोनमध्ये फोर-जीचा B28 असायला हवा. यादीत n28 दिसला म्हणून B28 असेलच असं गृहीत धरू नका, दोन्ही वेगळे वाचा.

घरात चार माणसांची चार सिमं असतात, शिवाय पोर्ट करणं आता रोजचं झालंय. त्यामुळे नवा फोन घेताना n78 आणि n28 दोन्ही असलेलाच घ्यावा, असं आमचं मत. या दोघांसाठी वेगळे पैसे सहसा मोजावे लागत नाहीत. जादा मोजू नयेत ते n258 साठी. २६ गिगाहर्ट्झचा हा पट्टा घराच्या गच्चीवर डबा बसवून दिलेल्या इंटरनेटसाठी कामाचा आहे. खिशातल्या फोनला तो नसला तरी चालतं.

३. बँडची ओळ वाचायला शिका

कंपनीच्या पानावर ओळ साधारण अशी दिसते:

```
5G SA:  n1/n3/n5/n8/n28/n40/n78
5G NSA: n1/n3/n8/n40/n78
4G:     B1/B3/B5/B8/B28/B40/B41
```

हा फोन निर्धास्त घ्या. SA मध्ये n28 आणि n78 आहेत, NSA मध्ये n78 आहे, फोर-जी भक्कम आहे.

गफलत होते ती तीन ठिकाणी. पहिली, SA आणि NSA वेगळे न देता सगळे बँड एकाच ओळीत टाकलेले असतात. तसं असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला मॉडेल नंबर देऊन 'n28 एसएवर चालतो का' एवढाच प्रश्न लेखी विचारा. दुसरी, यादीत n77 असतो पण n78 नसतो. n77 चा पट्टा n78 ला पोटात घेतो हे खरं, पण टॉवर स्वतःची ओळख n78 अशी देत असेल तर ते नाव न कळणारा फोन तिथे बसत नाही. तिसरी, n41 पाहून समाधान मानणं. इथे फाइव्ह-जीसाठी त्याचा उपयोग नाही.

४. तीन फोन, एकच गाव: हिशेब करून बघू

धरा, घर खटाव तालुक्यातल्या एका गावात आहे. टॉवर दीड-दोन किलोमीटरवर. घर दगडी भिंतींचं, वर स्लॅब. सिम जिओचं. तीन फोन समोर आहेत.

पहिला २०२१ चा वापरलेला फोन, किंमत मोहात पाडणारी. फाइव्ह-जीच्या यादीत फक्त `n41, n78`. देशात सेवा सुरू होण्याआधी विकलेल्या बऱ्याच फोनमध्ये असंच होतं, कारण तेव्हा लिलावच झाला नव्हता. हा फोन अंगणात n78 धरेल, माजघरात गेल्यावर सोडेल. n28 नाही, म्हणून थेट फोर-जीवर उतरेल. यातून खिशाला बसणारी झळ वेगळीच आहे. जुलै २०२४ पासून अमर्याद फाइव्ह-जी हे साधारण रोज दोन जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनवर मिळतं, आणि ते फाइव्ह-जीवर असतानाच अमर्याद असतं. फोन फोर-जीवर घसरला की त्या रोजच्या दोन जीबीतून कापलं जातं. दुपारपर्यंत 'डेटा संपला' असा संदेश आला तर दोष बहुधा प्लॅनचा नसतो, फोन दिवसभर कुठल्या बँडवर बसला होता ते बघावं लागतं.

दुसरा पुतण्यानं अमेरिकेहून आणलेला फोन. यादी लांबलचक: n2, n12, n25, n66, n71, n260, n261 आणि बरंच काही. यातला एकही बँड आपल्याकडे फाइव्ह-जीला लागत नाही. त्या गर्दीत n28 आणि n78 शोधायचे. असतील तर उत्तम, नसतील तर यादी कितीही लांब असो, उपयोग शून्य. परदेशी फोनबाबत आणखी दोन गोष्टी तपासा. तो कुठल्या कंपनीला कुलूपबंद आहे का, आणि सिमचा खाचा आहे का. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलना खाचाच नाही, ई-सिम घ्यावं लागतं.

तिसरा आजच्या दुकानातला मध्यम किमतीचा फोन, वर दिलेल्या यादीसारखा. अंगणात n78, आत n28. आत गेल्यावर वेग खाली येईल, कारण शंभर मेगाहर्ट्झचा रस्ता सोडून तुम्ही दहाच्या वाटेवर आलात. कधी कधी हा वेग चांगल्या फोर-जीइतकाच वाटतो. लोक इथे फोनवर चिडतात. पण चिन्ह फाइव्ह-जीचं आहे, कॉल टिकतोय आणि रोजचा डेटा कापला जात नाही. माजघरात यापेक्षा जास्त मागू नये.

आता याच घरात सिम एअरटेलचं असतं तर? n28 चा प्रश्नच उरत नाही. पहिला आणि तिसरा फोन जवळपास सारखेच वागतील, फक्त पहिल्याची फोर-जी यादी नीट असायला हवी. म्हणून फोनआधी सिमचं ठरवा.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या घरांना एक जादा सोय आहे. माणसं तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेली असली तरी जिओचा n28 आणि जिओ-एअरटेलचा n78 सगळ्या सर्कलमध्ये तोच आहे. विट्याला तपासलेला फोन कोइम्बतूरला वेगळा तपासावा लागत नाही.

५. फोन हातात आल्यावर सेटिंग

Settings मध्ये मोबाइल नेटवर्क, मग तुमचं सिम, मग Preferred network type. तिथे `5G/4G/3G/2G` किंवा `5G (Auto)` निवडा. आयफोनमध्ये Mobile Data च्या आत Voice & Data असतं, तिथे `5G Auto` ठेवा. जिओसाठी `5G Standalone` असा वेगळा खटका दिसला तर तो चालू करा.

जुनं फोर-जी सिम जिओ आणि एअरटेल दोघांकडेही चालतं, बदलायला जायची गरज नाही. 'फाइव्ह-जी सिम करून देतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठकाचा आहे, ठेवून द्या.

दोन सिमांच्या जुन्या फोनमध्ये फाइव्ह-जी फक्त डेटासाठी निवडलेल्या सिमला मिळतं. दुसऱ्यावर चिन्ह दिसत नाही म्हणून फोन परत करायला धावू नका, आधी डेटाचं सिम बदलून बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तरीही काही फोन फाइव्ह-जी बंद ठेवतात.

६. कुठल्या बँडवर आहात ते स्वतः बघा

वरच्या पट्टीतलं चिन्ह बँड सांगत नाही. अँड्रॉइडवर `NetMonster` हे अॅप मोफत आहे. ते चालू करून दोन गोष्टी टिपून घ्या: ARFCN आणि RSRP. अॅपशिवाय हवं असेल तर अनेक अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*`, सॅमसंगवर `*#0011#` आणि आयफोनवर `*3001#12345#*` लावून तपासणीचं पान उघडतं. पण काही फोन ही पानं बंद ठेवतात.

ARFCN हा फोन कुठल्या लहरीवर बसलाय ते सांगणारा क्रमांक, फाइव्ह-जीवर तो सहा आकडी असतो. सुरुवातीचे दोन आकडे पुरेत:

- ६२, ६३ किंवा ६४ नं सुरू: तुम्ही n78 वर आहात.
- १५ किंवा १६ नं सुरू: n28.
- ३६ किंवा ३७: n3. ४२ किंवा ४३: n1.

RSRP हा उणे आकडा सिग्नलची ताकद सांगतो. उणे ८० च्या आसपास छान, उणे १०० ठीक, उणे ११० च्या खाली गेला की अडखळायला लागतं, आणि उणे १२० ला फोन केव्हाही हात सोडतो.

ही तपासणी घरात तीन जागी करा: दारात, सगळ्यात आतल्या खोलीत आणि जिथे फोन चार्जिंगला असतो तिथे. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा, कारण फोन बँड लगेच बदलत नाही. आतल्या खोलीतला आकडा दारापेक्षा वीस-पंचवीसनं पडला आणि बँड n78 च राहिला, तर भिंत जड आहे. बँड बदलून n28 आला तर फोन आपलं काम करतोय. फाइव्ह-जीच गायब होऊन फोर-जी आलं, सिम जिओचं आहे आणि यादीत n28 एसए आहे, तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट बघा. बँड हार्डवेअरमध्ये असूनही कंपनीनं अपडेटमधून तो उघडलेला नसतो, असं पूर्वी बऱ्याच मॉडेलबाबत झालेलं आहे. २०२२ च्या शेवटी आयफोनलाही इथलं फाइव्ह-जी आयओएस १६.२ आल्यावरच मिळालं.

७. दोष फोनचा की टॉवरचा?

कंपन्या आपल्या संकेतस्थळावर फाइव्ह-जीचा नकाशा देतात. त्यात तुमचं गाव रंगवलेलं असलं तरी तो रंग उघड्यावरच्या सिग्नलचा धरा, माजघरातल्याचा नाही. डोंगरी भागात तर आणखी सावध राहा. पाटणच्या खोऱ्यात किंवा यवतेश्वरच्या घाटात एका वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे चित्र वेगळं असतं. टॉवर समोर दिसत नसेल तर n78 कडून फार अपेक्षा नको.

निकाल लावायची सोपी रीत म्हणजे तेच सिम शेजाऱ्याच्या चांगल्या फोनमध्ये घालून त्याच जागी ARFCN बघणं. त्याच्यात n28 येतो आणि तुमच्यात येत नाही, तर दोष तुमच्या फोनचा. दोघांतही येत नाही, तर त्या टॉवरवर n28 अजून चालू नाही किंवा तिथवर पोचत नाही. त्यासाठी फोन बदलून पैसे घालवू नका.

८. वापरलेला फोन घेत असाल तर

पैसे देण्याआधी आयएमईआय तपासा. `KYM`, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची कंपनी आणि मॉडेल उत्तरात येतं, आणि तो काळ्या यादीत आहे का तेही कळतं. उत्तरातलं मॉडेल आणि खोक्यावरचं मॉडेल जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग विकणाऱ्याच्या दारात उभं राहून नव्हे, तर त्याच्या घरातल्या आतल्या खोलीत किंवा शटर अर्धं ओढलेल्या दुकानात तुमचं सिम घालून पाच मिनिटं ARFCN बघा. रस्त्यावर सगळेच फोन शहाणे वाटतात.